दुप्पट, पण कशाच्या?

गेल्या श्रावणात एका रात्री साडेदहाच्या सुमाराला मावसबहिणीनं मला वर्तमानपत्राच्या कात्रणाचा फोटो पाठवला आणि लगोलग फोन केला. ‘ताई, ही गोळी मी आजपासून बंद करतेय.’ ती एकतीस वर्षांची. पाळी अनियमित म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गर्भनिरोधक गोळ्या ती दोन वर्षं घेत होती. मथळा चार रकान्यांचा होता : या गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट. मी बातमी दोनदा वाचली. गुठळी बहुतेक वेळा पायाच्या शिरेत होते, तिथून सुटून ती फुप्फुसात गेली तर जीवावर बेतू शकतं, हे सगळं त्यात होतं आणि ते खरंच आहे. दुप्पट हा आकडाही खरा होता. कशाच्या दुप्पट, हे मात्र सबंध बातमीत कुठेही नव्हतं.

मी तिला एवढंच म्हटलं की आजची गोळी घे, उद्या रविवार आहे, मी येते. असं म्हणण्याचं धाडस मला झालं, कारण याच गोळ्यांबद्दलच्या याच शब्दानं एका देशात काय घडवलं होतं ते मला ठाऊक होतं.

१८ ऑक्टोबर १९९५ या दिवशी ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीनं एक तातडीचा इशारा दिला. त्या वेळी तिथे गर्भनिरोधक गोळ्यांचे दोन प्रकार जास्त चालत. जुन्या, म्हणजे ‘दुसऱ्या पिढीच्या’ गोळ्यांत लेव्होनॉर्जेस्ट्रेल नावाचं संप्रेरक असे. नव्या, ‘तिसऱ्या पिढीच्या’ गोळ्यांत त्याच्या जागी डेसोजेस्ट्रेल किंवा जेस्टोडीन असे. नव्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये गुठळ्यांचं प्रमाण जुन्या गोळ्यांच्या साधारण दुप्पट दिसतं, असं समितीसमोर आलेल्या अभ्यासांत आढळलं होतं. सुमारे १,९०,००० डॉक्टर, औषधविक्रेते आणि आरोग्य अधिकाऱ्यांना पत्रं गेली आणि सोबतच वृत्तसंस्थांना निवेदन दिलं गेलं. पत्रं टपालात असतानाच बातमी दूरचित्रवाणीवर आली. दुसऱ्या दिवशी घाबरलेल्या स्त्रियांचे फोन दवाखान्यात खणखणू लागले, तेव्हा कित्येक डॉक्टरांच्या हातात ते पत्र पडलंही नव्हतं.

समितीच्या हाताशी असलेले आकडे असे होते. वर्षभरात एक लाख स्त्रियांमागे, गोळी न घेणाऱ्या ५ जणींना गुठळी होते. जुनी गोळी घेणाऱ्या १५ जणींना. नवी गोळी घेणाऱ्या ३० जणींना. पंधराचे तीस झाले म्हणून दुप्पट, किंवा शंभर टक्क्यांची वाढ. दुसऱ्या शब्दांत, जुनी गोळी घेणाऱ्या साधारण सात हजार स्त्रियांत वर्षाला एकीला गुठळी होत होती, नवी घेणाऱ्या सात हजारांत दोघींना. सात हजारांमागे एक स्त्री वाढली. ‘दुप्पट’ आणि ‘सात हजारांमागे आणखी एक’ ही एकाच गोष्टीची दोन वर्णनं आहेत. पहिलीला सापेक्ष जोखीम म्हणतात, कारण ती एका गटाची दुसऱ्या गटाशी तुलना करते. दुसरी निरपेक्ष जोखीम. ती थेट माणसं मोजते. दोन्ही खरी आहेत, पण मथळ्यात फक्त पहिली आली.

या आकड्यांच्या रांगेत शेवटी आणखी एक आकडा होता. त्याच हिशेबात, एक लाख गर्भवती स्त्रियांमागे गुठळी होणाऱ्या ६० होत्या. गरोदरपणात रक्त गोठण्याचं प्रमाण निसर्गतःच वाढतं. बाळंतपणातल्या रक्तस्रावासाठी शरीर केलेली ही तयारी असते. तेव्हा जी बाई घाबरून नवी गोळी टाकून देते आणि दुसरं काहीच वापरत नाही, ती तिसांच्या गटातून पाचांच्या गटात जातेच असं नाही. दिवस राहिले तर ती साठांच्या गटात जाते. हेच घडलं. गोळी मधेच टाकून द्या असं कुणी सांगितलं नव्हतं, पण असंख्य स्त्रियांनी ती टाकली. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९० पासून गर्भपातांची संख्या उतरत आली होती. त्या इशाऱ्यानंतरच्या वर्षात अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. नको असताना जन्माला आलेली मुलं वेगळी. सोळा वर्षांखालच्या मुलींमध्येच सुमारे ८०० गर्भधारणा वाढल्या. या आकड्यामागच्या मुलींची आठवण झाली की मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. त्यांना जो धोका टाळायचा होता, तोच त्यांच्या वाट्याला जास्त आला, आणि कारण एक अर्धवट वाक्य होतं.

समितीची बाजूही न्यायानं पाहायला हवी. देशाच्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेला सात हजारांमागे एक हा आकडा छोटा नसतो. एक कोटी स्त्रिया गोळी घेत असतील, तर तो वर्षाला चौदाशेहून जास्त गुठळ्यांचा आकडा होतो, आणि त्या गुठळ्या टाळता येण्यासारख्या आहेत, कारण तितकीच परिणामकारक जुनी गोळी उपलब्ध आहे. म्हणून डॉक्टरांना सावध करणं हे समितीचं कामच होतं. पण समितीला एक कोटींचा निर्णय घ्यायचा असतो आणि स्वयंपाकघरात पेपर वाचणाऱ्या बाईला एकीचा. तिला कोटींचा आकडा नको असतो, ‘माझ्यासारख्या किती जणींत किती’ हे हवं असतं.

मराठीत या गोंधळात आणखी एक भर पडते. ‘शंभर टक्के’ हा आपल्या बोलण्यात खात्रीचा शब्द आहे. ‘तो शंभर टक्के येणार’ म्हणजे येणारच. त्यामुळे ‘धोका शंभर टक्क्यांनी वाढला’ हे वाक्य आपल्या कानाला ‘आता होणारच’ असं ऐकू येतं. लिहिणाऱ्यानं त्यात ‘नी’ हा प्रत्यय घातलेला असतो आणि सगळा अर्थ त्या एका अक्षरात असतो. ‘पन्नास टक्क्यांनी वाढला’ आणि ‘पन्नास टक्के झाला’ यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. चारांचे सहा झाले तर पन्नास टक्क्यांनी वाढ झाली. पन्नास टक्के झाला म्हणजे दर दोघांतल्या एकाला. मथळा लावणारा उपसंपादक घाईत तो ‘नी’ कापतो, कारण रकान्यात जागा नसते. मी स्वतः काही वर्षं हे काम केलं आहे, आणि एक अक्षर वाचलं की किती बरं वाटतं ते मला माहीत आहे.

तर रविवारी मी बहिणीकडे गेले. तिच्या ओट्यावर ज्वारीचा डबा होता. मालदांडीचे हजार दाणे साधारण तीस ग्रॅम भरतात, म्हणजे दहा हजार दाणे तीनशे ग्रॅम. तेवढी ज्वारी तिच्या छोट्या वजनकाट्यावर मोजून आम्ही परातीत ओतली. एकेक दाणा म्हणजे एकेक बाई, तिच्याच वयाची. मग मसुराच्या डाळीचे दाणे घेतले.

आकडे मात्र मी १९९५ चे घेतले नाहीत. मधल्या काळात सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन सुधारले, पूर्वी ज्या लहान गुठळ्या कुणाच्या लक्षातही येत नसत त्या सापडू लागल्या, आणि पायाचे आकडे सगळेच वर सरकले. युरोपच्या औषध संस्थेनं २०१३ मध्ये पुन्हा सगळा आढावा घेतला. त्यानुसार वर्षभरात दहा हजार स्त्रियांमागे, गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या सुमारे दोघींना गुठळी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी घेणाऱ्या ५ ते ७ जणींना. डेसोजेस्ट्रेल किंवा जेस्टोडीनची घेणाऱ्या ९ ते १२ जणींना. बघा, जवळजवळ दुप्पट हे नातं अठरा वर्षांनंतरही तसंच राहिलं, पण त्याखालचा पाया काही पटींनी बदलला. म्हणून नुसता निरपेक्ष आकडा मिळाला की काम झालं असंही नाही. तो कधी मोजला, कुणात मोजला, हेही विचारायला लागतं.

परातीत आधी दोन मसूर टाकले. मग आणखी चार टाकून सहा केले. ही आपल्याकडची माला-डी झाली, कारण सरकारी माला-एन आणि दुकानातल्या माला-डीत लेव्होनॉर्जेस्ट्रेलच असतं. मग आणखी चार, एकूण दहा. ही तिची गोळी. तिच्या पाकिटावर डेसोजेस्ट्रेल लिहिलेलं होतं. तिनं हातानं ज्वारी कालवली आणि मसूर शोधायला लागली. तीन सापडले. बाकीचे शोधायला बराच वेळ गेला. ‘एवढ्यासाठी मी रात्रभर झोपले नाही?’ असं ती म्हणाली, आणि पाठोपाठ, ‘पण दहा तर आहेत ना गं.’ दोन्ही वाक्यं मला रास्त वाटली. दहा दाणे म्हणजे शून्य नव्हे. त्या दहांपैकी बहुतेक जणी उपचारांनी बऱ्या होतात, गुठळी झालेल्यांपैकी साधारण शंभरात एक-दोघी दगावतात, हेही मी तिला सांगितलं. ते लपवून धीर देण्यात अर्थ नव्हता.

मग तिनं स्वतःहून विचारलं, ‘हे दहा एका वर्षाचे. मी तर दोन वर्षं घेतेय, मग वीस का?’ मला हा प्रश्न फार आवडला, कारण बातमीत काळाचा उल्लेखच नव्हता. कुठलाही धोका ‘इतक्यांत इतके’ असा सांगितला की ‘किती काळात’ हे जोडल्याशिवाय तो अर्धाच राहतो. रोजचा, वर्षाचा आणि आयुष्यभराचा धोका हे तीन अगदी वेगळे आकडे असतात आणि बातमीदार यांतला जो मोठा दिसेल तो उचलतो. या गोळ्यांच्या बाबतीत तर काळ सरळ गुणाकारानंही चालत नाही. गुठळीचा धोका गोळी सुरू केल्यावर पहिल्या वर्षात सर्वांत जास्त असतो आणि नंतर उतरतो. चार आठवडे किंवा त्याहून जास्त खंड पाडून पुन्हा सुरू केली, तर तो परत वर चढतो. याचा अर्थ असा की मथळा वाचून गोळी सोडायची, दोन महिन्यांनी पाळी पुन्हा बिघडली म्हणून तीच परत सुरू करायची, असं केलं तर बहीण त्या जास्तीच्या काळात पुन्हा जाऊन पडली असती.

धोक्याच्या बातमीत हे असं होतं, तसंच फायद्याच्या बातमीतही होतं, आणि तिथे आपण जास्त सहज फसतो, कारण घाबरलेला माणूस निदान कुणाला तरी फोन करतो. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या लिपिटॉर या गोळीची अमेरिकेतली जाहिरात प्रसिद्ध आहे. मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं की ही गोळी हृदयविकाराच्या झटक्याचा धोका ३६ टक्क्यांनी कमी करते. शेजारी एक चांदणी होती आणि खाली बारीक टाइपात त्या चांदणीचा अर्थ : मोठ्या चाचणीत साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी ३ टक्क्यांना झटका आला, लिपिटॉर घेणाऱ्यांपैकी २ टक्क्यांना.

ती चाचणी चांगली होती. रक्तदाब आणि इतर काही धोके असलेले, पण हृदयविकाराचा झटका पूर्वी न आलेले १०,३०५ लोक तिच्यात होते आणि त्यांच्यावर सरासरी ३.३ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. दशांशात पाहिलं तर शंभरात ३ आणि १.९. फरक १.१ चा. तीनातून १.१ गेले म्हणजे ३६ टक्के गेले, हिशेब बिनचूक आहे. पण तोच हिशेब उलटा मांडला तर असा निघतो की नव्वदेक माणसांनी सव्वातीन वर्षं रोज गोळी घेतली, तेव्हा त्यांतल्या एकाचा झटका टळला. बाकीच्यांपैकी बहुतेकांना तो तसाही येणार नव्हता आणि दोघांना गोळी घेऊनही आला. आता, जाहिरात वाचणाऱ्याला काय वाटतं? शंभरातल्या छत्तीस जणांचे प्राण वाचले असं वाटतं. मी हे ओळखीच्या पाच-सहा सुशिक्षित माणसांना विचारून पाहिलं, आणि एकानंही तीन आणि दोन असं उत्तर दिलं नाही.

यावरून ‘मग ही गोळी कशाला घ्यायची’ असा निष्कर्ष कुणी काढू नये. ज्याला एकदा झटका येऊन गेला आहे, त्याचा पाया शंभरात तीन नसतो, कितीतरी मोठा असतो. तेच ३६ टक्के तिथे लावले तर वाचणाऱ्यांची संख्या खूप वाढते. टक्क्यांचा आकडा स्वतः काहीच सांगत नाही. तो कुठल्या पायावर ठेवलाय त्यावर त्याचं वजन ठरतं. पगारवाढीच्या बाबतीत हे आपल्याला न शिकवता कळतं. ‘वीस टक्के वाढ’ ऐकलं की पहिला प्रश्न असतो, मूळ पगार किती? आरोग्याच्या बातमीशी आलो की मात्र हाच प्रश्न सुचत नाही.

एक लबाडी मात्र ओळखायला शिकलं पाहिजे, कारण ती नजरचुकीनं होत नाही. औषधाच्या पत्रकात फायदा ‘३६ टक्क्यांनी घट’ असा सापेक्ष लिहितात आणि त्याच पानावर दुष्परिणाम ‘हजारात एकाला’ असा निरपेक्ष लिहितात. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे छत्तीस आणि एक असे दोन आकडे येतात आणि तो मनातल्या मनात त्यांची वजाबाकी करतो. दोन वेगळ्या मापांनी मोजलेल्या वस्तूंची ही वजाबाकी आहे. हजारातच मोजायचं ठरवलं, तर फायदा अकरा जणांना होतो आणि त्रास एकाला. फायदा तरीही जास्तच आहे, पण अकरास एक आणि छत्तीसास एक यांत निर्णय बदलण्याइतका फरक पडतो. ज्याला गोळ्यांचा खर्च झेपत नाही किंवा आधीच सहा गोळ्या चालू आहेत, त्याच्यासाठी तर नक्कीच.

आता तुम्ही म्हणाल, बातमीत पायाचा आकडा नसेलच तर वाचणाऱ्यानं काय करायचं? बहुतेक वेळा तो मूळ अभ्यासाच्या सारांशात असतो, कारण चांगली नियतकालिकं तो मागतात. सारांशात दोन गटांतली माणसं आणि त्यांतल्या घटना असे चार आकडे शोधावेत. लिपिटॉरच्या चाचणीत ते ५,१३७ पैकी १५४ आणि ५,१६८ पैकी १०० असे आहेत. चौथीच्या मुलालाही भागाकार करता येईल. आणि तेही जमत नसेल तर डॉक्टरांना एवढंच विचारावं की माझ्यासारख्या हजार जणांनी हे घेतलं तर किती जणांना काय होईल, आणि हजारांनी नाही घेतलं तर किती जणांना. या प्रश्नात गटही येतो, तुलनाही येते, आणि ‘माझ्यासारख्या’ हा शब्द येतो, जो सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

तो महत्त्वाचा का, ते बहिणीच्या बाबतीत मला त्याच आठवड्यात दिसलं. सोमवारी ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी आधी तिच्या गोळीचं नाव पाहिलं, मग विचारलं की घरात जवळच्या कुणाला पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती का? ती नाही म्हणाली. डॉक्टर म्हणाले, आईला फोन करून विचारा, आत्ताच. तिनं तिथूनच मावशीला फोन लावला. मावशी आधी ‘छे, काही नाही’ म्हणाली. मग थोडं थांबून तिला आठवलं की धाकट्याच्या बाळंतपणानंतर तिचा डावा पाय मांडीपर्यंत सुजला होता, दवाखान्यात परत ठेवलं होतं आणि पोटाच्या कातडीत रोज इंजेक्शनं देत होते. तेव्हा ती तिशीची होती. कसली इंजेक्शनं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं.

आईला तरुण वयात गुठळी झालेली असेल, तर मुलीचा पाया दहा हजारांत दोन राहत नाही, तो मुळातच वर असतो, आणि इस्ट्रोजेन असलेली कोणतीही गोळी, जुनी असो की नवी, त्यात भर घालते. आमच्या परातीतल्या ज्वारीत ती मुळात नव्हतीच. डॉक्टरांनी इस्ट्रोजेन नसलेलं औषध लिहून दिलं, पायाला सूज किंवा अचानक दम लागला तर रात्री-अपरात्री यायला सांगितलं, आणि मावशीचे त्या वेळचे कागद कुठे असतील तर शोधायला लावले. ते माळ्यावरच्या ट्रंकेत, रेशनकार्डाच्या जुन्या पिशवीत सापडले.